म्हशीचं तूप की गाईचं? दोन बरण्या शेजारी ठेवून ओळखायला शिका

नाशिकला नवीन आलेल्या, पहिल्यांदाच घरी तूप कढवायला निघालेल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: पिवळं ते गाईचं आणि पांढरं ते म्हशीचं, एवढं पुरे ना? पुरे नाही. रंग ही सगळ्यांत सोपी खूण आहे आणि सगळ्यांत कच्चीही. वास कढवण्यावर ठरतो, कणी थंड होण्याच्या वेगावर ठरते, आणि जनावराचा खरा फरक दिसतो तो तूप कितव्या तापमानाला मऊ होतं यात. स्वयंपाकात कुठलं तूप कुठे घालायचं हेही बरंचसं त्यावरच ठरतं.

हे वाचून समजणार नाही असं नाही, पण हाताने केलं तर एकदाच कळतं आणि लक्षात राहतं. म्हणून खाली एकच काम सांगते: आठवडाभर दोन्ही दुधांची साय वेगवेगळी जमवा, एकाच दिवशी, एकाच पद्धतीने दोन्हींचं तूप करा आणि दोन बरण्या शेजारी ठेवा. पद्धत एकच ठेवली तर जो फरक उरेल तो दुधाचा, एवढं खात्रीने म्हणता येईल.

पायरी पहिली: दूध नक्की कोणतं ते विचारून घ्या

गवळ्याला आधी सरळ विचारायचं, "नुसतं म्हशीचं आहे की मिक्स?" शहरात रतिबाचं दूध बऱ्याचदा मिक्स असतं आणि त्यात लपवाछपवी काही नसते. गोठ्यात चार म्हशी आणि दोन गाई असतील तर सगळं एकाच कॅनमध्ये जातं. विचारलं तर वेगळं काढून देणारे गवळी मिळतात, फक्त दोन दिवस आधी सांगावं लागतं. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडून येणारं गाईचं दूध बहुतेक वेळा संकरित गाईंचं असतं. इगतपुरी, पेठ, सुरगाणा या पट्ट्यातली डांगी गाय पावसात आणि चिखलात काम करणारी म्हणून नावाजलेली, पण ती दूध थोडं देते. त्यामुळे शहरात कोणी "डांगीचं तूप" म्हणून मोठमोठ्या बरण्या विकत असेल तर जरा थबकून विचार करा.

पिशवीचं दूध घेणार असाल तर एक अडचण लक्षात ठेवा. पिशवीवर होमोजिनाइज्ड असं लिहिलेलं असेल तर त्या दुधातले स्निग्धाचे कण यंत्रात बारीक फोडलेले असतात. ते वर तरंगून येत नाहीत आणि सायीची नुसती पातळ पापुद्रीच धरते. अशा दुधाची साय महिनाभर जमवली तरी हाती फार काही लागत नाही. या कामासाठी सुटं दूधच घ्या.

हिशेब असा. म्हशीच्या दुधात साधारण साडेसहा टक्के फॅट धरू आणि गाईच्या दुधात पावणेचार. रोज एक लिटर, आठ दिवस. म्हणजे म्हशीच्या आठ लिटरमध्ये सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास स्निग्ध आलं आणि गाईच्या आठ लिटरमध्ये तीनशे ग्रॅम. यातलं सगळं सायीत येत नाही. काही दुधातच राहतं, काही पुढे ताकात जातं. घरच्या पद्धतीने म्हशीचं साडेतीनशे ग्रॅमच्या आगेमागे आणि गाईचं दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम तूप हाती आलं तर काम नीट झालं असं समजा. गाईच्या दुधातले स्निग्धाचे कण मुळात लहान असल्यामुळे ते सावकाश वर येतात, म्हणून तिथली गळती जास्त. गाईचं तूप महाग का, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

पायरी दुसरी: साय आणि विरजण

दूध एक उकळी आल्यावर मंद आचेवर पाच-सात मिनिटं राहू द्या, मग न हलवता गार करा आणि झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी म्हशीच्या दुधावर जाड, उचलली तर अखंड येणारी साय असेल. गाईच्या दुधावरची पातळ, पिवळसर आणि जरा ओलसर असेल. ती काढताना खालचं दूधही थोडं येतं, येऊ द्या. दोन वेगळ्या डब्यांत साय जमवा. पहिल्याच दिवशी डब्यात चमचाभर दही घालून ठेवलं तर आठ दिवसांत साय कडवट होत नाही. नुसती साय फ्रीजमध्ये आठवड्याच्या पुढे गेली की तिला जो वास येतो तो कढवूनही पूर्ण जात नाही, आणि नंतर आपण दोष देतो म्हशीला.

आठव्या दिवशी दोन्ही डबे बाहेर काढून साय कोमट होईल इतपत आणा, ताजं दही चमचाभर घालून ढवळा आणि विरजायला ठेवा. उन्हाळ्यात सात-आठ तास पुष्कळ झाले. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची रात्र दहा अंशांच्या खाली उतरते, तेव्हा डबा जाड टॉवेलात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये किंवा पिठाच्या डब्यांमागे ठेवला तरी बारा-चौदा तास लागतात. घाई करू नका. विरजण नीट लागलं तर लोणी लवकर सुटतं आणि तुपाला जो लोणकढा वास म्हणतो त्याचा अर्धा भाग इथेच तयार होतो. डेअरीत थेट क्रीमपासून केलेल्या तुपाला तो वास नसतो. तूप शुद्ध असतं, पण मुकं लागतं.

पायरी तिसरी: लोणी

विरजलेली साय रवीने किंवा मिक्सरच्या मोठ्या भांड्यात घुसळा. म्हशीच्या सायीत थंड पाणी घातलं की काम भागतं. गाईच्या सायीला बर्फाचं पाणीच लागतं, कारण तिचं लोणी लवकर मऊ पडतं आणि उन्हाळ्यात तर ते गोळा न होता ताकावर तेलकट तरंगत राहतं. असं झालं तर पुन्हा पुन्हा फिरवण्यात अर्थ नाही. भांडं अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि मग हलक्या हाताने फिरवा, गोळा धरेल.

इथे पहिल्यांदा दोन्ही रंग शेजारी दिसतात. म्हशीचं लोणी पांढरंशुभ्र आणि हाताला घट्ट, गाईचं पिवळसर आणि बोटांना लगेच चिकटणारं. दोन्ही लोणी थंड पाण्यात दोन-तीनदा धुवा, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसेपर्यंत. लोण्यात ताक राहिलं तर कढवताना बेरी, म्हणजे तळाशी बसणारा दुधाचा गाळ, जास्त धरते, तळाला लवकर लागते आणि तुपाला आंबूस वास येतो.

पायरी चौथी: कढवणं, म्हणजे वास

दोन जाड बुडाची भांडी घ्या, शक्यतो एकाच धातूची. मध्यम आचेवर लोणी वितळलं की आच मंद करा. आधी पांढरा फेस येईल आणि बुडबुड्यांचा जाड, ओला आवाज येईल. हे पाणी उडतंय. पाणी आहे तोवर भांड्यातलं तापमान शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही, त्यामुळे निवांत राहा, अधूनमधून तळ खरवडत राहा. मग आवाज बारीक होतो, तडतड हलकी होते, फेस विरळ होऊन खालचं तूप आरपार दिसू लागतं. इथून पुढची तीन-चार मिनिटं भांड्यासमोरून हलायचं नाही. तापमान झपाट्याने एकशे दहाच्या पुढे जातं आणि बेरी पांढऱ्याची बदामी होते. बदामी झाली की गॅस बंद. भांडं गरम असतं, बेरी आणखी एक छटा गडद होतेच, ती सूट धरून आधीच थांबायचं.

तुपाचा वास म्हणजे मुख्यतः ही बेरी. दुधातली साखर आणि प्रथिनं तापून जो खरपूस वास सुटतो तो स्निग्धात उतरतो. गॅस लवकर बंद केला तर तूप कच्चं, दुधाळ वासाचं होतं आणि आत ओल राहिल्याने महिनाभरात बिघडतं. उशीर केला तर करपट होतं. आणि करपटपणात गाय काय न् म्हैस काय, दोन्ही सारखीच लागतात. म्हणून वासाची तुलना करायची तर दोन्ही भांडी बेरीच्या एकाच छटेवर उतरवायला हवीत.

तशी उतरवलीत तर फरक कळतो. गाईच्या तुपाचा वास लगेच येतो, बरणीचं झाकण उघडताच, गोडसर आणि हलका. म्हशीचं तूप थंड असताना जवळजवळ गप्प असतं. गरम भातावर पडलं की मग त्याचा जाडसर, खव्याकडे झुकणारा वास येतो. याचं एक साधं कारण असं की घट्ट तुपातून वास सुटायला ते आधी वितळावं लागतं आणि गाईचं तूप खोलीतल्या उष्णतेलाच अर्धवट वितळलेलं असतं. गाईचं तूप "जास्त सुवासिक" असं म्हटलं जातं त्यात याचा वाटा मोठा आहे. दोन्ही तुपं वाटीत कोमट करून हुंगलीत तर अंतर बरंच कमी झालेलं दिसेल.

शेवटी विड्याचं पान टाकायचं की मीठ, यावर घराघरांत पंथ आहेत. पानाला माझं मत आहे. वास छान येतो आणि पानातल्या द्रव्यांमुळे तूप खवट व्हायला वेळ लागतो. पान फक्त पूर्ण कोरडं पुसून टाका, नाहीतर तूप अंगावर उडतं. चिमूटभर मीठ घातल्याने कणी पडते असं सांगतात, पण मीठ तुपात विरघळतच नाही, ते बेरीबरोबर तळाशी जाऊन बसतं. तुलनेसाठी तूप करताना दोन्हीपैकी काहीच घालू नका.

पायरी पाचवी: कणी

सगळ्यांत जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून जरा थांबून पाहू.

तूप म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. त्यात लवकर गोठणारे आणि उशिरा गोठणारे असे अनेक स्निग्ध घटक मिसळलेले असतात. गरम तूप सावकाश निवत गेलं की जे घटक जास्त तापमानाला घट्ट होतात ते आधी एकत्र येऊन स्फटिक धरतात. हीच कणी. उरलेले घटक तिच्या भोवती पातळ राहतात, म्हणून बोटात घेतलं की रवाळ लागतं. म्हशीच्या तुपात लवकर गोठणाऱ्या घटकांचा वाटा जास्त असतो, त्यामुळे कणी मोठी आणि भरपूर. गाईच्या तुपात तो कमी, त्यामुळे कणी बारीक आणि पातळ भाग जास्त. एवढा फरक जनावराचा.

बाकी सगळं निवण्याचं. तूप कढवलं, गाळलं आणि बरणी लगेच फ्रीजमध्ये टाकली तर स्फटिक वाढायला वेळच मिळत नाही. असंख्य सूक्ष्म कण एकदम धरतात आणि तूप मेणासारखं गुळगुळीत, कडक होतं. मग ते म्हशीचं असो की गाईचं. कणीसाठी तूप अठ्ठावीस-तीस अंशांच्या आसपास बराच वेळ न हलवता राहायला हवं.

नाशिकच्या हवेचा संबंध इथे येतो. मार्च-एप्रिलमध्ये आणि पावसाळ्यानंतरच्या ऑक्टोबरमध्ये ओट्यावर झाकून ठेवलेली बरणी दुसऱ्या दिवशी आपोआप रवाळ होते. मे महिन्याच्या दुपारी घरातली हवाच छत्तीस-सदतीस अंशांवर गेली की गाईचं तूप पूर्ण पातळ राहतं. तळाशी जरासा पांढरट गाळ दिसतो आणि लोक घाबरतात की भेसळ आहे. भेसळ नाही, तीच कणी आहे. तेवढीच घट्ट राहिली, बाकीचं तूप वर पातळ. म्हशीचं तूप त्याच दुपारी खाली रवाळ आणि वर बोटभर पातळ असं दुमजली दिसेल. हेही ठीकच.

थंडीत उलटं. निफाड तर राज्यातल्या सगळ्यांत गार ठिकाणांमध्ये गणलं जातं आणि शहरातही जानेवारीत ओटा हाताला बोचतो. तेव्हा गाळलेलं तूप उघड्यावर ठेवू नका. बरणी वर्तमानपत्रात आणि मग जाड चादरीत गुंडाळून बंद कपाटात ठेवा, तूप रात्रभरात सावकाश निवेल. आणखी एक खात्रीचा उपाय: तूप कोमट झालं, म्हणजे बरणीला हात लावता येतो पण तूप अजून आरपार आहे, अशा वेळी जुन्या रवाळ तुपाचा अर्धा चमचा त्यात सोडा आणि हलवू नका. जुन्या कणीभोवती नवी कणी धरते. ज्यांना हे माहीत नसतं ते दर तासाला बरणी उचलून "झाली का कणी" म्हणून हलवून बघतात आणि कणी मोडते.

तूप गुळगुळीत गोठलंच असेल तर वाया गेलं नाही. बरणीतून काढून मंद आचेवर पूर्ण आरपार होईपर्यंत तापवा, एकही पांढरा ठिपका राहू देऊ नका, आणि पुन्हा सावकाश निववा. अर्धवट वितळवून निववलं तर जुने बारीक कण तसेच राहतात आणि पुन्हा तेच होतं.

जनावर काय खातं त्याचाही कणीवर परिणाम होतो. सरकी आणि सरकीची पेंड भरपूर खाणाऱ्या जनावराचं तूप जास्त घट्ट आणि ठसठशीत कणीचं होतं, गाईचंसुद्धा. म्हणजे कपाशीच्या भागातून, खानदेशाकडून एखाद्या नातेवाइकाने आणलेलं गाईचं तूप मोठ्या कणीचं निघालं म्हणून लगेच संशय घ्यायचं कारण नाही.

आता रंग बघा

दोन्ही बरण्या दिवसा खिडकीत ठेवा, ट्यूबलाइटखाली नको. गाय हिरव्या चाऱ्यातलं पिवळं रंगद्रव्य, कॅरोटीन, पुरतं बदलून टाकत नाही. बरंचसं ते तसंच दुधाच्या स्निग्धात उतरतं. म्हैस त्याचं जीवनसत्त्व अ करून टाकते आणि ते रंगहीन असतं. म्हणून म्हशीचं तूप पांढरं, आणि नीट पाहिलंत, विशेषतः वितळलेलं असताना, तर त्यात किंचित हिरवट झाक दिसते. पांढरं असणं म्हणजे सत्त्व कमी असणं नव्हे.

पण गाईचा पिवळेपणा वर्षभर सारखा नसतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर, हिरवा मका आणि लसूणघास पोटभर मिळत असताना, तूप गडद पिवळं होतं. उन्हाळ्यात कडब्यावर दिवस काढणाऱ्या त्याच गाईचं तूप फिकं, जवळजवळ सायीच्या रंगाचं होतं. देशी गाय म्हणजे हमखास गर्द पिवळं तूप, हाही बाजाराने पसरवलेला समज आहे. जातीपेक्षा चारा जास्त बोलतो. उलट बारा महिने एकाच सोनेरी छटेचं तूप देणाऱ्या दुकानाकडे मी जरा रोखून बघेन, कारण रंग घालणं काही कठीण नाही. आणि बेरी गडद केली की म्हशीचंही तूप पिवळसर तपकिरी दिसतं. त्यामुळे नुसत्या रंगावरून पैसे मोजू नका.

बोटाची परीक्षा रंगापेक्षा बरी. वीस-बावीस अंशांच्या हवेत दोन्ही तुपांचा वाटाण्याएवढा गोळा मनगटावर ठेवा. गाईचं आधी पसरेल, म्हशीचं मागून. ही परीक्षा घरच्या, माहितीतल्या तुपाची. बाजारातल्या तुपात वनस्पती किंवा पाम तेल आहे का, हे तळहातावर वितळवून किंवा फ्रीजमध्ये थर पडतात का ते बघून ठरत नाही. शुद्ध तुपातही थर पडतात, हे वर आलंच. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. दुकानातून घेताना डब्यावरचं अ‍ॅगमार्कचं चिन्ह आणि तारीख बघा, आणि सुटं घेत असाल तर आधी पाव किलोच घ्या.

स्वयंपाकात कुठे कुठलं

दोन्ही तुपांत पाणी जवळजवळ नाहीच, उष्मांकही सारखेच. म्हशीचं तूप "जड" लागतं ते जिभेला आणि टाळ्याला, कारण ते तोंडात उशिरा विरघळतं. हा एक धागा हातात धरलात तर बाकीचं पाठ करावं लागणार नाही.

पदार्थ गरमागरम खायचा आहे आणि तूप वरून घालायचं आहे, तर गाईचं. वरणभात, मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी. सुगंध लगेच येतो आणि ताट निवत आलं तरी तोंडात तुपाचा थर बसत नाही. शाळेच्या डब्यात तूप-साखर-पोळी द्यायची असेल तर हिवाळ्यात हमखास गाईचं द्या. म्हशीचं लावलेली पोळी दुपारपर्यंत पांढुरकी पडते आणि मुलं ती परत आणतात. पुरणपोळीवर मात्र मी पक्षपाती आहे. तव्यावरून उतरलेल्या पोळीवर म्हशीचं रवाळ तूप घातलं की ते एकदम वाहून न जाता हळूहळू मुरतं, आणि पोळी गरम असल्याने टाळ्याला चिकटायचा प्रश्न येत नाही.

पदार्थाला आकार धरायचा आहे किंवा थर सुटायला हवेत, तर म्हशीचं. चिरोट्यांचा साटा घ्या. तीन चमचे घट्ट म्हशीचं तूप तळहाताने परातीत फेसायचं, पांढरं आणि हलकं झालं की दोन-अडीच चमचे तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर मिसळायचं. हा साटा पोळीवर लावला की जागेवर राहतो आणि तळताना पापुद्रे सुटतात. गाईच्या तुपाचा साटा फेसला जातो, पण हाताच्या उबेने सैल होतो, गुंडाळी करताना कडेने बाहेर येतो आणि थर एकमेकांना चिकटून चिरोटा आतून कच्चट राहतो. घरात गाईचंच तूप असेल तर परात बर्फाच्या पाण्यावर ठेवून फेसा आणि लाटलेल्या पोळ्या लगेच गुंडाळा. करंजी-शंकरपाळ्याच्या मोहनाला कुठलंही चालतं, ते कडकडीतच घालायचं असतं.

बेसनाच्या लाडवांचं उदाहरण पुरतं करून बघू, कारण दिवाळीत घोटाळा इथेच होतो. अर्धा किलो लाडू बेसन म्हणजे जाडसर दळलेलं, आणि पाव किलो तूप. म्हशीचं तूप असेल तर सगळं एकदम घालू नका. दोनशे ग्रॅम घेऊन मंद आचेवर भाजायला सुरुवात करा. आधी गोळे होतात, वीसेक मिनिटांत बेसन सैल होऊन कडेने तूप सोडू लागतं, मग उरलेलं अंदाजाने घाला. रंग बदामी आणि वास खमंग झाला की दुधाचा हबका मारा, चर्र आवाज येऊन बेसन फुलतं. उतरवून कोमट होऊ द्या. नंतर साडेतीनशे-चारशे ग्रॅम पिठीसाखर आणि वेलदोडा. मिश्रण गरम असताना साखर घातली तर ती विरघळून मिश्रण आणखी पातळ होतं. म्हशीच्या तुपाचं मिश्रण तासा-दीड तासात वळण्याजोगं होतं आणि लाडू दुसऱ्या दिवशी ताठ, रवाळ राहतात.

हेच प्रमाण गाईच्या तुपाने केलं तर वळताना लाडू छान दिसतात आणि तासाभराने ताटात बसतात, खालून चपटे होतात. उपाय दोन. तूप दहा टक्क्यांनी कमी घ्या, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास थांबा. आणि साखर घालण्याआधी मिश्रण पूर्ण गार होऊ द्या, हवं तर रात्रभर. दिवाळीच्या सुमाराला नाशिकच्या रात्री थंडावलेल्या असतात, तेव्हा सकाळी मिश्रण घट्ट झालेलं मिळतं आणि गाईच्या तुपाचे लाडूही बसत नाहीत. उन्हाळ्यात लग्नघरासाठी लाडू करायचे असतील तर मात्र म्हशीचंच घ्या, किंवा दोन्ही निम्मं-निम्मं. अर्धं-अर्धं मिसळण्यात कमीपणा काही नाही. सुगंध गाईचा मिळतो, आकार म्हशीचा टिकतो.

फोडणीला आणि तळणाला फरक फारसा उरत नाही. दोन्ही तुपं चांगली तापतात, आणि जिरं-हिंगापुढे मूळ वास दबतो. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, उपासाची बटाट्याची भाजी, जे स्वस्त पडेल ते वापरा. महागाचं गाईचं तूप तळणात घालणं मला तरी परवडत नाही.

देवासमोर गाईचं तूप ही रीत आहे आणि पंचवटीत, त्र्यंबकेश्वरी पूजासाहित्य घेताना तेच मागितलं जातं. पण घरी तुपाच्या फुलवाती साच्यात घालून करणार असाल तर गाईच्या तुपाच्या वाती उन्हाळ्यात साच्यातून सुटत नाहीत, डब्यात एकमेकींना चिकटतात. त्या फ्रीजमध्ये गोठवून तिथेच ठेवाव्या लागतात आणि दिवा लावताना एकेक काढावी लागते.

उरली बेरी. म्हशीची जास्त निघते आणि जाडसर असते, गाईची कमी आणि मऊ. गरम असतानाच गुळाबरोबर पोळीत भरा किंवा कणकेत मळून दशम्या करा. ओलसर राहिलेली बेरी बरणीतल्या तुपात मात्र राहू देऊ नका. तूप गाळताना शेवटचे दोन चमचे हावरेपणाने पिळून काढले जातात आणि त्यांच्याबरोबर हा गाळ बरणीत जातो. खवटपणाची सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते. ते दोन चमचे बेरीतच राहू द्या, दशमी खुसखुशीत होईल.